बोकडाची परीक्षा लेकींच्या वेतात

2020 च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला सत्तर लाख रुपयांची बोली लागली आणि मालकाने ती नाकारली. वर्तमानपत्रांनी फोटोसकट ही बातमी छापली. मेंढा माडग्याळ जातीचा होता. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून ओळखली जाणारी ही जात उंचीला चांगली, वाढीला जोरकस. पण तिच्या नराचं मोल बाजारात ठरतं ते मुख्यतः नाकावर. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक जितकं उठावदार, तितकी किंमत चढती.

ज्याला पैदाशीचाच मेंढा नाकासाठी विकायचा आहे, त्याच्यापुरता हा हिशेब बरोबर आहे. पण वाड्यात पंचवीस शेळ्या बांधून वर्षाला चाळीसएक करडं विकणाऱ्या घराला नाकाचा उपयोग काय? त्या घराला हवीत जगणारी करडं, लवकर वजन धरणारी करडं, आणि जुळ्यांना पोटभर पाजणाऱ्या शेळ्या. यांतली एकही गोष्ट बोकडाच्या तोंडावर लिहिलेली नसते. नेमक्या याच कारणाने बोकड किंवा मेंढा निवडणं हे शेळी निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. शेळी चुकीची निघाली, तर तिची दोन-चार करडं वाया जातात. बोकड चुकीचा निघाला, तर त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक करडाचं अर्धं रक्त चुकीचं असतं.

आपल्याकडे पहिली चूक तर निवडीआधीच होऊन गेलेली असते. बकरी ईदचा बाजार जवळ आला, की गावात व्यापारी फिरू लागतो आणि सगळ्यात भरलेला, सगळ्यात लवकर वाढलेला बोकड उचलतो. पैशाची गरज असते, भाव चांगला असतो, नाही म्हणवत नाही. मागे उरतो तो किरकोळ, उशिरा वाढलेला नर. त्याला कुणी गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो कळपात राहतो आणि पुढच्या हंगामात तोच शेळ्यांवर चालतो. दरवर्षी उत्तम नर कत्तलीला आणि उरलेला पैदाशीला, असं दहा-पंधरा वर्षं चाललं की जात खालावल्याची तक्रार सुरू होते. जात खालावलेली नसते. तिचं चांगलं बी दरवर्षी बाजारात गेलेलं असतं.

धाराशिव जिल्ह्यातलं एक उदाहरण कल्पून हे काम नीट पाहता येईल. उस्मानाबादी शेळीचं हे माहेर. तुळजापूर, लातूर, उदगीर, सोलापूरपर्यंत ती पसरलेली आहे. बहुतेक काळी, काटक, आणि जुळी देण्यात नाव कमावलेली. समजा, एका घरी अशा पंचवीस शेळ्या आहेत आणि नवा बोकड हवा आहे. मालकासमोर एकाच हंगामात, एकाच गावात जन्मलेली दोन नर करडं आहेत. तीन महिन्यांचं असताना पहिलं बारा किलो भरलं होतं, दुसरं साडेदहा. डोळ्यांना आणि तराजूला पहिलंच पसंत पडणार.

आता वही उघडून पाहावी. पहिलं करडू एकुलतं होतं, चौथ्या वेताच्या शेळीचं. सगळं दूध त्याला एकट्याला मिळालं. दुसरं जुळ्यातलं, आणि आई दुसऱ्याच वेताची. त्याच्या जोडीची बहीण तीन महिन्यांत साडेनऊ किलो झाली होती. म्हणजे पहिल्या शेळीने तीन महिन्यांत बारा किलो करडू उभं केलं आणि दुसरीने वीस किलो. शिवाय दुसऱ्या करडाने अर्ध्या दुधावर साडेदहा किलोपर्यंत मजल मारली. एकट्या करडाची आणि जुळ्यातल्या करडाची वजनं सरळ समोरासमोर ठेवता येत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या वेताच्या शेळीचं दूध कमी असतं, तेही धरावं लागतं. हा सगळा हिशेब केला की पैदाशीसाठी दुसरं करडू उचलावं लागतं. जुळी देणं आणि भरपूर दूध हे गुण बोकडाच्या अंगावर कधीच दिसत नाहीत. त्याने ते आईकडून घेतलेले असतात आणि लेकींना द्यायचे असतात. म्हणून बोकड पाहायला गेलेल्या माणसाने आधी त्याची आई पाहावी. ती जिवंत आहे का, कितव्या वेताची आहे, दरवेळी जुळी झाली का, त्यांतली जगली किती, कासेची ठेवण कशी, हे विचारावं. आठवडी बाजारात दोरीने बांधून आणलेल्या बोकडाची आई तिथे नसते. तिथला बोकड कितीही देखणा असला, तरी पैदाशीसाठी तो कळपातूनच, मालकाच्या दारात जाऊन घ्यावा.

जुळ्यांच्या बाबतीत फलटणला झालेलं काम इथे सांगण्यासारखं आहे. आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. उलट बंगालच्या सुंदरबनातली गरोल ही अगदी लहान चणीची मेंढी. तिला जुळी-तिळी सर्रास होतात. यामागे एकच जनुक आहे, आणि त्याची एक प्रत मिळाली तरी मेंढी एका माजात जास्त बीजं सोडते. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर हे जनुक तिकडच्या मेरिनोंत पोहोचलं, असं मानलं जातं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोलचं हे जनुक दख्खनी मेंढ्यांत आणलं आणि गरोलचा लहान आकार मात्र पिढ्यानपिढ्या दख्खनीशी संकर करत मागे टाकला. त्यातून नारी सुवर्णा मेंढी उभी राहिली. 2001 मध्ये हे जनुक नेमकं ओळखलं गेल्यावर मेंढ्याच्या रक्ताच्या थेंबावरून त्याच्याकडे त्याच्या किती प्रती आहेत ते कळू लागलं. दोन प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांवर चालवला, की त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळतेच. एरवी जे आईच्या आणि लेकींच्या वेतांवरून वर्षानुवर्षं ताडावं लागलं असतं, ते इथे चाचणीतून आधीच कळतं. मात्र यालाही मर्यादा आहे. लेकींनाही दोन-दोन प्रती मिळाल्या तर तीन-तीन कोकरं होऊ लागतात आणि चारणीवर जगणाऱ्या मेंढीचं दूध त्यांना पुरत नाही. म्हणून मेंढपाळाच्या कळपात एका प्रतीच्या मेंढ्या ठेवणंच शहाणपणाचं.

आईची परीक्षा झाली की मग बोकडाकडे वळावं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण क्रमाने करावं. ओठ उचलून दात पाहायचे: पुढचे दुधाचे दात पडून मधले दोन मोठे आले असतील तर बोकड साधारण सव्वा ते दीड वर्षाचा. खालचे दात वरच्या हिरडीवर नीट टेकायला हवेत. जबडा पुढे किंवा मागे असला तर चरताना तो कमी पडतो आणि हा दोष पिल्लांत उतरतो. मग त्याला कठीण जमिनीवर चालवून मागून बघायचं. मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील, खूर वेडेवाकडे वाढले असतील, तर माजावरच्या शेळीवर चढताना सगळं वजन याच पायांवर येणार आहे, हे लक्षात ठेवायचं. शेवटी वृषणं दोन्ही हातांनी चाचपायची. दोन्ही खाली उतरलेली, सारख्या आकाराची, घट्ट पण दगडासारखी कडक नसलेली हवीत. एकच उतरलेलं असेल, तर बोकड कितीही जोमदार दिसला तरी नाकारावा. हा दोषही वंशात जातो. शक्य असेल तर टेपने घेर मोजून त्याच वयाच्या इतर नरांशी ताडून पाहावा, कारण मोठ्या घेराचा नर जास्त वीर्य तयार करतो. आणि एक जागा लोक हमखास विसरतात: बोकडालाही सड असतात. दोनाऐवजी जास्तीचे, चिकटलेले सड असतील तर लेकींच्या कासेत ते दिसतील.

शिंगांचीही एक गोष्ट आहे आणि ती शोभेची नाही. भुंडी शेळी बांधायला सोपी, मारत नाही, म्हणून काही जण बोकडही भुंडाच निवडतात. शेळीत शिंगं नसण्याच्या गुणाबरोबर एक व्यंग जोडलेलं असतं. आई-बाप दोघेही भुंडे असले आणि दोघांकडूनही पिल्लाला तोच गुण मिळाला, तर मादी पिल्लू मादी म्हणून वाढत नाही. ते धड नर नाही, धड मादी नाही असं, वांझ निघतं. भुंड्यावर भुंडा चालवत राहिलं तर चार मादी करडांमागे साधारण एकाला हे होऊ शकतं. म्हणून कळपात भुंड्या शेळ्या असतील तर बोकड शिंगवालाच घ्यावा. एवढं पाळलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

आता बोकड घरी आला, असं धरू. जन्म डिसेंबर 2021 चा, कळपात आला जून 2023 मध्ये, दीड वर्षाचा असताना. पूर्ण वयाच्या बोकडाला पंचवीस-तीस शेळ्या झेपतात. या वयात पंधरापासून सुरुवात केलेली बरी. त्याच्या छातीखाली गेरू तेलात कालवून लावला, की तो ज्या शेळीवर चढला तिच्या पाठीवर खूण उमटते. एकवीस दिवसांनी गेरूऐवजी नीळ लावायची. शेळीचा माज एकवीस दिवसांनी येतो. त्यामुळे निळी खूण फारच थोड्या शेळ्यांवर दिसली तर बोकडाचं काम चोख आहे. गेरूच्या खुणेवर बहुतेक सगळ्यांच्या पाठी निळ्या झाल्या तर शेळ्या उलटल्या आहेत आणि दोष बहुधा बोकडाचा आहे. अशा वेळी मागचे दोन महिने आठवावेत. वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. मे महिन्यात बोकडाला भरून ताप आला असेल, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तो उन्हाने होरपळला असेल, तर तो बरा दिसू लागल्यावरही जूनमध्ये शेळ्या फळत नाहीत.

जून-जुलैत फळलेल्या शेळ्या पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबर 2023 मध्ये व्यायल्या. इथून खरी घड्याळाची गोष्ट सुरू होते, आणि बहुतेक कळपांत नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. या वेतातल्या मादी करडांचा बाप कळपातच चरतो आहे. 2024 च्या पावसाळ्यात त्या आठ महिन्यांच्या होतात. चांगल्या खाण्यावर वाढलेल्या काही पाटी याच सुमारास माजावर येऊ लागतात आणि उरलेल्या वर्षअखेरपर्यंत. बोकड आणल्यापासून अजून दीड वर्षही झालेलं नसतं. ‘बोकड दोन वर्षांनी बदला’ असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पण हा हिशेब सांगतो की पाटींना वेगळं चारायची सोय नसेल, तर दोन वर्षं म्हणजे उशीरच. त्याच कळपातली नर करडंही तीन-चार महिन्यांत वेगळी केली नाहीत किंवा खच्ची केली नाहीत, तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच त्यांच्याकडून आई आणि बहिणी गाभण राहू शकतात. या अपघाताला घरात कुणी बोकड ठरवलेलाच नसतो.

बापाचा लेकीशी संकर झाला की काय होतं? प्रत्येक जनावराच्या रक्तात काही दोष दडलेले असतात. दुसऱ्या बाजूने चांगली प्रत मिळाल्याने ते एरवी झाकले जातात. बापाची अर्धी प्रत लेकीत आधीच आहे, तीच पुन्हा बापाकडून आली की दोन्ही बाजू सारख्या होण्याची शक्यता 25 टक्के होते. सख्ख्या भाऊ-बहिणीत तेवढीच. सावत्र भाऊ-बहिणीत किंवा आजोबा-नातीत साडेबारा टक्के. एका बोकडावर पंचवीस शेळ्या चालतात तेव्हा पुढची सगळी पिढी त्या एकाच बापाची असते, म्हणजे एकमेकांची निदान सावत्र भावंडं. त्यातलाच नर मागे ठेवून गाडा चालवला, तर पैदासशास्त्राच्या हिशेबाने सव्वीस जनावरांचा हा कळप जेमतेम चार जनावरांचा असल्यासारखा वागतो. दुसरा, नात्यातला नसलेला बोकड जोडीला घेतला तर हा आकडा सातच्या पुढे जातो.

याचे परिणाम दोन तोंडांच्या करडासारखे ठळक नसतात, म्हणून ते ओळखू येत नाहीत. अडीच किलोचं जन्मतं करडू दोन किलोचं होऊ लागतं. जन्मल्यावर उठून सडाला लागायला वेळ लावतं. थंडीच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन दगावतात, आणि घरात म्हणतात यंदा हवाच वाईट. शेळ्या उशिरा फळतात, दूध थोडं कमी पडतं. दरवेळी चारा, पाणी, रोग यांच्यावर खापर फुटतं आणि ते काही वेळा खरंही असतं. फरक कळतो तो वहीवरून: एकाच वाड्यात, एकाच चाऱ्यावर असलेल्या परक्या बोकडाच्या करडांची वजनं आणि घरच्या बोकडाची वजनं शेजारी मांडली की. त्यासाठी प्रत्येक करडाच्या कानात बिल्ला आणि वहीत तीन गोष्टी पुरतात: जन्मतारीख, आई आणि बाप.

तेव्हा 2024 च्या अखेरीस हा बोकड कळपातून बाहेर काढायचा. तीन वर्षांचा, ऐन भरात आलेला. व्यापारी वजनावर पैसे देईल आणि बहुतेक घरं तो देऊन टाकतील. शेळीपालनातलं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं असं म्हणायला हवं. कारण बोकड खरंच चांगला होता की नाही, हे अजून कुणालाच कळलेलं नसतं. त्याच्या लेकी 2025 च्या मध्यावर पहिल्यांदा वितील. पहिल्या वेतात बऱ्याच शेळ्यांना एकच करडू होतं. जुळी आणि दूध नीट दिसतं ते दुसऱ्या वेतात, म्हणजे 2026 च्या सुरुवातीला. त्या वेळी बोकड चार वर्षांचा असतो आणि त्याच्या अंगात अजून दोन वर्षांचं काम असतं. पण तोवर तो खाटकाकडे पोहोचून वर्ष उलटलेलं असतं.

यावर उपाय बोकड न विकण्याचा आहे, पण घरी ठेवण्याचा नाही. शेजारच्या तीन गावांतल्या तीन कळपांशी करार करून बोकड फिरवता येतो: पहिल्या घरचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे आणि चौथ्याचा पहिल्याकडे, दर दीड वर्षाने. चार कळप असले तर एका बोकडाला आपल्या लेकींपाशी परत यायला सहा वर्षं लागतात, आणि तेवढ्यात त्याची कामाची वर्षं संपत आलेली असतात. नुसत्या दोन शेजाऱ्यांनी आपसात बदल केला तर मात्र ही व्यवस्था एकदाच चालते; दुसऱ्या बदलात बोकड थेट आपल्या लेकींत येऊन उभा राहतो. 2026 मध्ये लेकींच्या वेतांचा हिशेब लागला आणि त्या खरंच सरस निघाल्या, तर बोकड कुठे आहे ते माहीत असतं. त्याचा मुलगा तिथल्या चांगल्या शेळीच्या पोटचा निवडून चौथ्या एखाद्या कळपात नेता येतो, किंवा सोय असेल तिथे त्याचं वीर्य गोठवून ठेवता येतं. शेळ्यांत गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन होतं आणि निंबकर संस्थेसारख्या ठिकाणी उस्मानाबादी बोकडांच्या वीर्यकांड्या तयार झालेल्या आहेत. पण शेळीचा माज एक-दोन दिवसच टिकतो, वेळ गाठणारा माणूस जवळ हवा, त्यामुळे वाडीवस्तीवर अजून तरी बोकडाशिवाय चालत नाही.

फिरत्या बोकडाबरोबर एक धोकाही फिरतो. शेळीतून शेळीत पसरणारा ब्रुसेलोसिस गर्भपात घडवतो आणि गर्भाला, वारेला हात लावणाऱ्या माणसालाही होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही. म्हणून बोकड एका घरातून दुसऱ्या घरी नेण्याआधी त्याच्या रक्ताची ब्रुसेलोसिसची तपासणी पशुवैद्यकांकडून करून घ्यावी, पीपीआरची लस झालेली आहे का ते पाहावं, आणि नव्या घरी त्याला तीन-चार आठवडे कळपापासून लांब, वेगळ्या दावणीला बांधावं. या काळात खोकला, हगवण, लंगडणं दिसलं तर इतर शेळ्या वाचतात. काही दिसलं नाही तर खूर कापून, जंताचं औषध देऊन, छातीला गेरू लावून त्याला कळपात सोडता येतं.